प्राथमिक हुकूमनामा म्हणजे वाटप नव्हे

ताई, शिवाजीनगर कोर्टात वाटपाचा दावा लावताय, तर एक ध्यानात ठेवा: प्राथमिक हुकूमनाम्यात फक्त हिस्से ठरतात, ताबा मिळत नाही. पुढे घर असेल तर कोर्ट कमिशनर मोजून वाटप सुचवतो. सारा भरणारी शेतजमीन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे कलेक्टरकडे जाते आणि मोजणीसाठी थांबते. आमच्या हवेली तालुक्यातल्या जमिनीला 14 वर्षं लागली. त्यातली तीन एकाच चुकीपायी गेली. चुलते वारले आणि त्यांचे वारस 90 दिवसांत रेकॉर्डवर आणले नाहीत. मग विलंबमाफीचा अर्ज, मुंबईच्या चुलतबहिणीला नोटीस, ‘घर बंद’ असा शेरा, पुन्हा नोटीस. म्हणून आत्ताच सगळ्या बहिणी-भाच्यांचे पत्ते गोळा करा. कुणी गेलं, तर मृत्यूदाखला लगेच वकिलांकडे पोचवा.