तुम्ही साइटवर, ठिपका भलतीकडे: लोकेशन हजेरीची प्रश्नोत्तरे

प्रश्न: मी तळघरात काम करतो. हजेरी लावली की ॲप म्हणतं, 'तुम्ही साइटपासून ३४० मीटर लांब आहात.' असं का?

साइटच्या मध्यबिंदूभोवती ठरावीक त्रिज्येचं वर्तुळ आखलेलं असतं. बटण दाबताच फोन आपलं ठिकाण कळवतो आणि ॲप मध्यबिंदूपासूनचं अंतर मोजतं. पण फोन ठिकाणासोबत एक अंदाजही कळवतो: 'चूक साधारण इतक्या मीटरची असू शकते.' उघड्या आकाशाखाली ही चूक बहुधा पाच-दहा मीटर असते. तळघरात उपग्रहांचा सिग्नल पोहोचत नाही, मग फोन मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो आणि चूक शेकडो मीटरवर जाते.

समजा वर्तुळ १०० मीटरचं आहे, ठिपका ३४० मीटरवर पडला आणि चुकीचा अंदाज ४०० मीटर आहे. म्हणजे तुम्ही वर्तुळाच्या आतही असू शकता. ॲप फक्त ३४० हा आकडा पाहत असेल, तर ते तुम्हाला बाहेर ठरवतं. ही मांडणीतली चूक आहे, तुमची नव्हे.

तळघरात उतरण्याआधीच हजेरी लावा. उघड्यावर, भिंती आणि पत्र्यांपासून दूर उभे राहा, नकाशाचं ॲप उघडा आणि निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ आक्रसेपर्यंत थांबा. बहुधा मिनिटभर पुरतं. मगच बटण दाबा. तरीही नकार आला, तर नकाशा आणि नकाराचा संदेश, दोन्हींचे वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी सुपरवायझरकडे हजेरी दुरुस्तीसाठी पाठवा. पगाराच्या दिवशी हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

प्रश्न: उघड्यावर उभा राहूनही ठिपका दोन किलोमीटर लांब दिसतो. फोन बिघडलाय का?

आधी परवानगी तपासा. अँड्रॉइडवर ॲपच्या लोकेशन परवानगीत `Use precise location`, आयफोनवर `Precise Location` चालू हवं. ते बंद असेल तर ॲपला मुद्दामच ढोबळ ठिकाण मिळतं, मग कितीही वेळ थांबलात तरी ठिपका सुधारत नाही.

ते चालू असूनही ठिपका एखाद्या जुन्या साइटवरच पडत असेल, तर वायफाय राउटरवर संशय घ्या. आसपासचे राउटर ओळखूनही फोन ठिकाण ठरवतो. राउटर जुन्या जागेवरून आणलेला असला, तर नोंदीत तो काही काळ तिथलाच राहतो. वायफाय आणि लोकेशन सेटिंगमधलं वायफाय स्कॅनिंग, दोन्ही बंद करून उघड्यावर पुन्हा पाहा. ठिपका जागेवर आला, तर कारण सापडलं.

प्रश्न: आमच्या मोठ्या साइटवर मागच्या गेटवाल्यांनाच रोज नकार येतो. वर्तुळ किती मोठं ठेवावं?

मध्यबिंदूपासून सर्वांत लांबच्या गेटपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात किमान ५० मीटर मिळवा. गेट १३० मीटरवर असेल, तर त्रिज्या १८० ठेवा. लांबट साइटला एकच मोठं वर्तुळ आखू नका, शेजारचा रस्ताही आत येतो. प्रत्येक गेटला वेगळं वर्तुळ द्या.

प्रश्न: सुटीनंतरही ॲप माझा माग काढतं का?

`Allow only while using the app` एवढीच परवानगी असेल, तर ॲप बंद केल्यावर त्याला तुमचं ठिकाण मिळत नाही. बटण दाबून हजेरी लावायला तेवढी पुरते. आत शिरताच आपोआप हजेरी लागणार असेल, तरच `Allow all the time` लागतं. तशी परवानगी मागितली, तर ठिकाणाची नोंद किती वाजेपर्यंत होते ते लेखी विचारून घ्या.