स्क्रॅच कार्डचं बक्षीस उघडायला आधी पैसे भरायचे का?

प्रश्न: देवगडला आमच्या वाडीच्या ग्रुपवर चतुर्थीच्या ऑफरची लिंक आली. नवीन पेमेंट अ‍ॅप आहे. स्क्रॅच कार्डवर १,९९९ रुपये लागलेत, पण ते अनलॉक करायला ९९ रुपये भरा म्हणतं. भरू का?

उत्तर: भरू नका. त्या अ‍ॅपमध्ये दिसणारे १,९९९ हे पैसे नाहीत, पडद्यावर छापलेला आकडा आहे. खात्यात पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला, शिल्लक बघायला किंवा पुढच्या कपातीला मंजुरी द्यायला.

खऱ्या कॅशबॅकचा क्रम उलटा असतो. तुम्ही विजेचं बिल किंवा आंब्याच्या पेटीचे पैसे भरता, म्हणजे तुम्हाला एरवीही भरायचे होते ते, आणि कार्ड त्यानंतर येतं. कार्ड घासलं की रक्कम पिन न विचारता जमा होते, नाहीतर नुसतं कूपन मिळतं. बक्षिसासाठीच वेगळे पैसे मागितले की तिथेच थांबायचं.

९९ भरले तर पुढे काय होतं? बहुतेक वेळा कार्ड ‘प्रोसेसिंग’वर अडकतं आणि ‘जीएसटी’ म्हणून ४९९ मागितले जातात. आधीचे ९९ बुडू नयेत म्हणून माणूस तेही भरतो, आणि मागणी वाढतच जाते. बक्षिसावर कर लागला तरी देणारा तो रकमेतूनच कापून उरलेले पैसे देतो, जिंकणाऱ्याकडून आगाऊ मागत नाही.

याहून घातक प्रकार आहे एक रुपयाचा. ‘खातं पडताळायला फक्त १ रुपया’ म्हणतात, आणि पिनच्या आधीच्या पडद्यावर बारीक अक्षरात Autopay किंवा Mandate लिहिलेलं असतं, कमाल रक्कम ५,००० किंवा १५,०००. घाईत पिन टाकला की खात्यातून आपोआप पैसे कापायला मंजुरी मिळते. पुढच्या कपातींना १५,००० पर्यंत बहुतेक वेळा पुन्हा पिन लागत नाही. म्हणून पिन टाकण्याआधी पैसे कुणाच्या नावावर जातात, रक्कम किती आणि Autopay किंवा Mandate हा शब्द आहे का, या तीन गोष्टी वाचा.

कुणी आधीच पिन टाकला असेल, तर नुसतं ते अ‍ॅप काढून टाकून भागत नाही; मंजुरी बँकेकडे तशीच राहते. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून पिन दिला, त्यात Autopay विभाग उघडून ती रद्द करा. तिथे सापडली नाही तर बँकेला फोन करून रद्द करायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी तक्रार पोचली तरच ती गोठवता येते, म्हणून गणपतीचं विसर्जन होईपर्यंत थांबू नका.

आणि ते अ‍ॅप लिंकवरून एपीके म्हणून उतरवलं असेल, तर त्याला एसएमएस वाचायची परवानगी दिली आहे का तेही बघा. दिली असेल तर ओटीपी त्यांच्याकडे जाऊ शकतो. आधी फोनचं इंटरनेट बंद करा, मग अ‍ॅप काढा, आणि सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तिथून यूपीआय पिन बदला.