अनोळखी माणसाकडे वीस मिनिटं मागायची ती कशासाठी?

प्रश्न: मी अमेरिकेत सिव्हिलमध्ये एमएस करतोय, मेमध्ये संपेल. लिंक्डइनवर रेफरलसाठी कितीतरी जणांना मेसेज टाकले, एकाचंही उत्तर नाही. सगळे म्हणतात, इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू घे. त्यात विचारायचं तरी काय?

उत्तर: मी इथे एका कन्सल्टिंग कंपनीत ट्रॅफिक इंजिनिअर आहे. असे मेसेज मलाही येतात, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो.

‘रिस्पेक्टेड सर, प्लीज रेफर मी’ आणि सोबत रेझ्युमे, या मेसेजला उत्तर द्यायचं म्हटलं तरी देता येत नाही. रेफरलच्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी विचारतात की या उमेदवाराला तुम्ही कसे ओळखता. मी काय लिहू? वीस मिनिटं बोलणं झालं असेल, तर निदान दोन खरी वाक्यं तरी लिहिता येतात. त्या संभाषणात मात्र नोकरी मागायची नाही, काम समजून घ्यायचं.

आधी माणूस नीट निवडा. डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट सोडा. लिंक्डइनवर तुमच्या युनिव्हर्सिटीच्या पानावर ‘अॅल्युम्नाय’ असा भाग असतो. तिथे कंपनी, शहर आणि विषय लावून तुमच्याच डिपार्टमेंटमधून दोन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले लोक शोधा. त्यात भारतातून आलेला कुणी असेल तर उत्तमच, कारण एफ-१ व्हिसावरून नोकरीपर्यंतचा रस्ता त्याने स्वतः तुडवलेला असतो. पण फक्त मराठी किंवा भारतीय नावंच शोधत बसू नका. इथले लोकही आपल्या कॉलेजच्या मुलाला वेळ देतात. ‘सर’ मात्र नको, सरळ पहिल्या नावाने लिहा. सुरुवातीला जीभ अडखळते, पण इथे तीच रीत आहे.

मेसेज चार ओळींचा पुरे. आमच्याच डिपार्टमेंटच्या एका मुलीने मला साधारण असं लिहिलं होतं: ‘मी तुमच्याच विभागात ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमएस करतेय. तुम्ही सिग्नल टायमिंगवर काम करता असं प्रोफाइलवर दिसलं. मी प्रोजेक्टमध्ये सिंक्रो वापरून एक कॉरिडॉर केला, पण प्रत्यक्षात मोजणीचा डेटा अर्धवट असेल तर तुम्ही काय करता, हे कळत नाही. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का?’ रेझ्युमे नाही, रेफरलचा शब्द नाही. शिवाय प्रश्न असा, की ज्याचं उत्तर मला देता येतं आणि द्यायला आवडतंही.

फोनवर तिने कंपनीची माहिती विचारली नाही, ती वेबसाइटवर असतेच. ‘नवीन माणूस पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय करतो?’, ‘कुठे अडतो?’, ‘तुमच्याकडे भरती कधी निघते?’ असं विचारलं. त्यातून तिला दोन गोष्टी कळल्या. एक, आमच्यासारख्या कंपन्यांत माणसं घेतली जातात ती राज्याच्या वाहतूक खात्याचं किंवा शहराचं काम मिळालं की. त्यामुळे आज जागा नसेल तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा विचारण्यात गैर काही नाही. दुसरी, एफई परीक्षा पास असलेला उमेदवार आम्हाला सोपा पडतो, कारण परवानाधारक इंजिनिअर होण्याच्या वाटेवरची ती पहिली पायरी. ही परीक्षा वर्षभर देता येते. तिने डिग्रीच्या आधीच उरकून टाकली.

व्हिसाचं काय? सुरुवातीलाच काढू नका, पण लपवूही नका. अर्जात ‘आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का’ असं विचारतातच, तिथे खरं उत्तर द्यायचं. जे स्वतः शोधता येतं त्यावर समोरच्याची मिनिटं घालवू नका. ओपीटीचं स्टेम एक्स्टेन्शन, म्हणजे १२ महिन्यांनंतरचे आणखी २४ महिने, हवं असेल तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये असावी लागते; ती आहे का हे त्यांच्या साइटवर सापडतं. कोणत्या कंपनीला एच-१बी मंजूर झाले, तेही यूएससीआयएसच्या डेटा हबमध्ये दिसतं. फोनवर, शेवटी, इतकंच विचारा: ‘तुमच्या टीममध्ये ओपीटीवरून आलेलं कुणी टिकलंय का?’ कागदावर स्पॉन्सर करणारी कंपनी आणि तुमच्या ऑफिसचा मॅनेजर यांत फरक असू शकतो, आणि तो आतल्या माणसालाच माहीत असतो.

फोन ठेवण्याआधी ‘आणखी कुणाशी बोलू?’ हे विचाराच. एक फोन दुसऱ्या फोनपर्यंत नेतो तो इथूनच. त्याच दिवशी आभाराच्या दोन ओळी पाठवा. सांगितलेलं काही केलंत की तेही कळवा. त्या मुलीने एफई पास झाल्याचं कळवलं, त्यानंतर काही आठवड्यांनी आमच्याकडे जागा निघाली, आणि मला तिचं नाव आठवावं लागलं नाही. रेफर मी आपणहून केलं. पुढचा इंटरव्ह्यू अर्थात तिचा तिनेच काढला.

आणि मेची वाट बघू नका. ओपीटी सुरू झाल्यावर बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच मिळतात, आणि ती मोजणी ईएडी कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून होते. ओळख होऊन जागा निघेपर्यंत महिने जातात, म्हणून हे फोन शेवटच्या सेमिस्टरच्या आधीच सुरू व्हायला हवेत. तुमचं ते सेमिस्टर चालू असेल तर याच आठवड्यात पहिले चार-पाच मेसेज टाका, प्रत्येकाला वेगळा.