रोज सकाळची साखर चांगली, तरी तीन महिन्यांची सरासरी जास्त

"मॅडम, पाच वर्षं मधुमेहासाठी फक्त गोळ्यांवर आहे. रोज सकाळी उपाशीपोटी घरच्या मशीनवर तपासतो, ११५ ते १२५ येते. तरी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ७.९ आली. आता दिवसातून चार वेळा बोट टोचू का?"

काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांची वही बघण्यासारखी होती, एकही दिवस चुकवलेला नव्हता. पण महिन्याला तीस पट्ट्या खर्चून त्यांना दिवसातली एकच वेळ कळत होती. त्यानंतरचे तेवीस तास वहीत नव्हतेच, आणि एचबीए१सीमध्ये तेही धरलेले असतात.

मी त्यांना म्हटलं, "काका, पट्ट्या वाढवायच्या नाहीत, त्यांच्या वेळा बदलायच्या." गोळ्यांवर असलेल्या, तब्येत स्थिर असलेल्या माणसाला रोज तपासायची सहसा गरज नसते. इन्सुलिन घेणाऱ्याला आकडा बघून डोस ठरवावा लागतो, गोळीचा डोस असा रोज बदलत नाही. म्हणून थोडेच दिवस तपासायचं, पण जोडीनं: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. सोमवार-मंगळवार नाश्ता, बुधवार-गुरुवार दुपारचं जेवण, शुक्रवार-शनिवार रात्रीचं. रविवारी सुट्टी. बारा पट्ट्यांत आठवडा होतो. प्रत्येक जेवणाच्या दोन जोड्या घ्यायच्या, कारण एकाच आकड्यावर विसंबता येत नाही. चांगल्या मशीनचा आकडाही दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. हात साबणाने धुऊन कोरडे करायला मी आवर्जून सांगते. बोटाला आंब्याचा रस लागलेला असला, तरी साखर उगाच जास्त दिसते.

आठवड्याने काका वही घेऊन आले. नाश्ता ११८ वरून २४६, दुसऱ्या दिवशी १२४ वरून २५२. दुपारी १७८ वरून २१४ आणि १७२ वरून २०६. रात्री १४६ वरून १९०, १५१ वरून १९८. काकूंनी दुपारच्या २१४ वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "भात बंदच करते."

अशा जागीच जोडीचा खरा उपयोग होतो. दुपारच्या जेवणाने साखर जेमतेम ३५ ने चढली होती. ती २०० च्या पुढे गेली कारण जेवायला बसतानाच १७५ च्या आसपास होती, म्हणजे सकाळची चढलेली साखर अजून उतरलीच नव्हती. नाश्त्याने मात्र ती सव्वाशेने उसळली होती. नुसते जेवणानंतरचे आकडे बघितले असते, तर बिचाऱ्या भाताला शिक्षा झाली असती.

नाश्त्याला काय असतं विचारलं. दोन बशा पोहे, साखरेचा चहा आणि त्यात बुडवून चार टोस्ट. पहाटे शरीरात जी संप्रेरकं वाढतात, त्यांच्यामुळे बऱ्याच जणांत सकाळी इन्सुलिनचा जोर कमी पडतो. त्यात हे सगळं पिष्ट एकदम पोटात. आम्ही एवढंच ठरवलं: पोहे एक लहान बशी, सोबत वाटीभर मटकीची उसळ, चहा बिनसाखरेचा, टोस्ट बंद, आणि खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं चालणं.

पण त्याआधी मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. काका मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही घेत होते. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही, ग्लिमेपिराइडने जाऊ शकते, विशेषतः खाणं कमी केलं की. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला. मात्र थरथर, घाम किंवा छातीत धडधड झाली तर वेळापत्रक बाजूला ठेवून तिथल्या तिथे तपासायचं, आणि ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. स्कूटरवरून लांब जायच्या आधीही एकदा.

पुढच्या आठवड्यात फक्त नाश्त्याच्या तीन जोड्या घेतल्या: ११९-१७६, १२२-१८१, ११६-१७०. दोन तासांनंतर १८० च्या आत हे बहुतेकांचं सर्वसाधारण लक्ष्य असतं. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर ते सैल करतात. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.१ आली. भात होता तेवढाच राहिला.

आता काका डॉक्टरांकडे जायच्या आधीचा एक आठवडा तीच बारा पट्ट्यांची फेरी करतात, आणि गोळी बदलली किंवा खाण्यात मोठा बदल केला तर त्या जेवणाच्या दोन-तीन जोड्या. एरवी मशीन कपाटात. ताप, उलट्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तेव्हा मात्र दिवसातून दोन-तीनदा तपासायचं त्यांना सांगून ठेवलंय. स्टेरॉइड सकाळी घेतलं असेल तर त्यातली एक तपासणी संध्याकाळची हवीच, कारण त्याने साखर बहुधा दुपारनंतर चढते आणि उपाशीपोटीचा आकडा छान दिसत राहतो.