पोस्टरवरचा ‘पाहुणा’

प्रिय,

घोडबंदर रोडवरच्या सिनेमांच्या होर्डिंगांचे फोटो मिळाले. प्रत्येकाखाली तू नटनट्यांची नावं लिहिलीस. पण सिनेमा कुठल्या बाजाचा आहे हे पोस्टरवरून ओळखायचं, तर चेहरे आधी अंगठ्याने झाक आणि नुसती सिनेमाच्या नावाची अक्षरं बघ. त्यातही शिरोरेषा.

समज, सिनेमाचं नाव ‘पाहुणा’ आहे. विनोदी असेल तर अक्षरं गुबगुबीत, एक वर एक खाली. शिरोरेषा प्रत्येक अक्षरासोबत वाकडी होते आणि उकाराच्या शेपटाला एखादी बॅग लटकते. मागे पिवळा किंवा पांढरा रंग. माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, कारण विनोदाला हातपाय लागतात.

भयपटात हीच अक्षरं अरुंद होतात, कडा कुरतडल्यासारख्या, शिरोरेषा एका टोकाला तुटलेली. सगळं काळंनिळं आणि त्यात एकच तांबडा किंवा पिवळा ठिपका, बहुधा खिडकीचा. वाडा मोठा, माणूस चिमुकला. अक्षरांतून रक्त ठिबकत असेल तर मात्र डिझायनरने कंटाळा केला, असं मी तरी समजतो.

गंभीर कौटुंबिक सिनेमाचं नाव बारीक आणि सुटं सुटं असतं. देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषा तुटते, म्हणून बरेच जण ती काढूनच टाकतात. दिसायला आधुनिक, पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक पुसट होतो. लांबून वाचायच्या होर्डिंगवर हे मला पटत नाही.

आता तुझा तीन हात नाक्याजवळचा फोटो. अक्षरं गुबगुबीत, पण पार्श्वभूमी गडद हिरवी आणि चेहऱ्यांवर उजेड खालून आलेला. तुला ते गोंधळलेलं वाटलं. असं भांडण दिसलं की दोन शक्यता असतात: एक तर हा हॉरर-कॉमेडी आहे, नाहीतर विकणाऱ्यांचंच ठरलेलं नाही. त्याच सिनेमाचं पहिलं टीझर पोस्टर शोध. तिथेही हीच सरमिसळ असेल तर ती सिनेमाचीच. आधी सगळं काळोखं होतं आणि गुबगुबीत अक्षरं नंतर आली असतील, तर बदल बहुधा जाहिरातवाल्यांनी केलाय.

कोणाचा चेहरा किती मोठा, कोणाचं नाव आधी, यावरून मात्र बाज काढू नकोस. ते पुष्कळदा करारात ठरलेलं असतं.

फोनमध्ये हे सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून पुन्हा बघ. रंग गेल्यावरही बाज कळला तर अक्षरांनी काम केलंय. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावंही शेजारी ठेव. वर्तमानपत्राच्या काळ्या शाईत, रंगाची मदत नसताना, नुसत्या नावाच्या वळणावरून नाटक कुठल्या जातीचं ते कळायचं.

तुझा,
काका