घर नंबर पंचावन्न

"ताई, आम्हाला म्युनिकला येऊन वर्ष झालं. मुलगा सहा वर्षांचा, बालवाडीत जाऊन तिथल्यासारखं जर्मन बोलतो. मी एक्केचाळीस. पुण्यात जर्मनच्या दोन परीक्षा पास होऊन आलेय, तरी फोनवर घर नंबर सांगितला की समोरचा 'काय?' म्हणतो. मुलगा हसतो. माझी जीभच जड आहे का?"

व्हिडिओ कॉलवर त्यांची वही पाहिली. 'पाच' या जर्मन शब्दापुढे त्यांनी देवनागरीत 'फ्यून्फ' लिहिलं होतं. गोची इथेच होती. घर नंबर पंचावन्न, म्हणजे 'पाच'मधला तो स्वर एकाच जर्मन शब्दात दोनदा!

'u' या अक्षरावर दोन टिंबं देऊन लिहिला जाणारा हा स्वर मराठीत नाही. 'ई'ला आपली जीभ पुढे असते आणि ओठ ताणलेले. 'ऊ'ला जीभ मागे, ओठ गोल. जर्मन स्वरात जीभ 'ई'ची आणि ओठ 'ऊ'चे. आपला कान त्याला जवळच्या खणात टाकतो, 'यू' म्हणून. मी 'आई' आणि त्याचं अनेकवचन 'आया' यांचे जर्मन शब्द उलटसुलट ऐकवले. त्यांच्यात फरक फक्त याच स्वराचा. वीसांपैकी अकरा बरोबर आले, म्हणजे जवळपास छापाकाटा. जीभ दोषी नव्हतीच. जो फरक ऐकूच येत नाही, तो तोंडातून कसा येणार?

हे खण फार लवकर बनतात. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'ट' आणि 'त' वेगळे ओळखतात. वर्षाची होईतो बहुतेकांची ती ओळख पुसट होते, हे मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये दाखवलं. सहा वर्षांच्या मुलाचे खण अजून तितके घट्ट नसतात. शिवाय तो रोज कित्येक तास पोरांमध्ये असतो, आणि त्याच्याकडे वही नसते.

पहिले तीन आठवडे बोलायचं नाही, फक्त ऐकून ओळखायचं: रोज पंधरा मिनिटं, चार वेगवेगळ्या माणसांचे आवाज. एकच आवाज ऐकला की कान त्या माणसाला ओळखायला शिकतो, स्वराला नाही. मग आरसा. लांब 'ई' म्हणायचं, जीभ न हलवता फक्त ओठ गोल करायचे आणि पाच सेकंद धरायचं. शेवटी 'ऊ' ऐकू आला तर जीभ मागे घसरली.

दोन महिन्यांनी वीसांपैकी सतरा ओळखता आले. यादी वाचताना उच्चार ठीक येई, घाईत बोलताना मात्र पुन्हा 'यू'. याला मी अपयश म्हणत नाही. वाचनातला उच्चार गप्पांमध्ये उतरायला महिने लागतात. मराठी वळण जाणार नाही, हेही मी आधीच सांगितलं होतं. मुलाचं मोजमाप लावू नका, 'काय?' किती वेळा ऐकावं लागतं ते मोजा.

सातव्या महिन्यात त्यांचा मेसेज आला: "दवाखान्यात फोन केला. पंचावन्न एकदाच सांगितलं. मग बाईंनी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? पोरगा अजून हसतोच."