हिऱ्यातले अणू मोजताना गुणायचं, पाण्याच्या रेणूसाठी भागायचं: असं का?

प्रश्न: एक कॅरट, म्हणजे ०.२ ग्रॅम हिऱ्यात कार्बनचे किती अणू असतील? आणि पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान किती? दोन्हीकडे ६.०२२ × १०²³ वापरायचं हे कळतं, पण कुठे गुणायचं आणि कुठे भागायचं यात दर वेळी गोंधळ होतो.

उत्तर: हिऱ्यात सुमारे १.००३ × १०²² अणू, आणि पाण्याचा एक रेणू सुमारे २.९९ × १०⁻²³ ग्रॅमचा.

मी रसायनशास्त्र शिकवते. तुमचा गोंधळ माझ्या वर्गात दर वर्षी होतो, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. ६.०२२ × १०²³ ही संख्या एककाशिवाय पाठ केलेली असते. ती पूर्ण लिहायची झाली तर "एका मोलमध्ये ६.०२२ × १०²³ कण" अशी लिहावी लागते. "एका मोलमध्ये" हे शब्द सोबत ठेवले की गुणायचं की भागायचं हे आपोआप कळतं.

आधी हिरा घेऊ. हिऱ्यात वेगळे रेणू नसतात. सगळा खडा म्हणजे एकमेकांना बांधलेले कार्बनचे अणू, म्हणून इथे थेट अणूच मोजायचे. कार्बनचं मोलर वस्तुमान १२.०११ ग्रॅम, म्हणजे इतक्या कार्बनमध्ये एक मोल अणू. आपल्याकडे फक्त ०.२ ग्रॅम आहे. ०.२ ला १२.०११ ने भागलं की ०.०१६६५ मोल येतात. प्रत्येक मोलमागे ६.०२२ × १०²³ अणू, तर ०.०१६६५ मोलमागे किती? इथे गुणायचं, आणि उत्तर १.००३ × १०²² येतं. कॅरटची व्याख्या २०० मिलिग्रॅम अशी असल्यामुळे हे उत्तर योगायोगाने १०²² च्या अगदी जवळ पडतं. म्हणून एक कॅरट हिरा म्हणजे १०²² अणू, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.

हे उत्तर खरं कशावरून? मला या गणितातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, कारण हिऱ्यातले अणू मोल न वापरताही मोजता येतात. हिऱ्याची रचना छोट्या घनाकृती खोल्यांसारखी असते, तिला एकक कोष्ठिका म्हणतात. एकच खोली पुन्हा पुन्हा मांडत गेलं की पूर्ण स्फटिक तयार होतो. या घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू असतो, पण प्रत्येक कोपरा आठ खोल्यांत वाटलेला असल्यामुळे सगळे कोपरे मिळून आपल्या वाट्याला एकच अणू येतो. सहा पृष्ठांच्या मध्यभागी असलेले अणू अर्धे अर्धे आपले, म्हणजे तीन. आणि चार अणू पूर्णपणे खोलीच्या आत. एकूण आठ.

या घनाची बाजू क्ष-किरणांनी मोजलेली आहे, ३.५६७ × १०⁻⁸ सेंटिमीटर. तिचा घन केला की एका खोलीचं आकारमान ४.५४ × १०⁻²³ घन सेंटिमीटर येतं. हिऱ्याची घनता ३.५१५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणून आपला खडा ०.०५६९ घन सेंटिमीटरचा. त्यात १.२५४ × १०²¹ खोल्या बसतात, आणि प्रत्येकीत आठ अणू धरले की १.००३ × १०²² अणू. पहिल्या वाटेने हेच उत्तर आलं होतं, आणि या दुसऱ्या वाटेवर ना १२.०११ लागलं ना ६.०२२ × १०²³ ही अ‍ॅव्होगाड्रोची संख्या. एकदा हे गणित स्वतःच्या हाताने करून पाहा. १०²² ही संख्या त्यानंतर नुसती कागदावरची वाटत नाही.

याच पद्धतीने अ‍ॅव्होगाड्रो स्थिरांकही अत्यंत काटेकोरपणे मोजला गेला, फक्त हिऱ्याऐवजी सिलिकॉन वापरून. सिलिकॉनच्या स्फटिकाची मांडणीही अशीच, एका खोलीत आठ अणूंची. जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ चा सुमारे एक किलोग्रॅमचा गोळा घडवून त्याचं आकारमान, वस्तुमान आणि खोलीची बाजू मोजली गेली. अशा मोजमापांच्या आधारावर २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ × १०²³ हा आकडा व्याख्येनेच पक्का ठरवला आहे.

आता पाणी. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन मिळून मोलर वस्तुमान १८.०१५ ग्रॅम होतं. म्हणजे ६.०२२ × १०²³ रेणूंचं मिळून वजन १८.०१५ ग्रॅम. अनेकांचं मिळून माहीत आहे आणि एकाचं हवं आहे, म्हणून भागायचं. उत्तर २.९९ × १०⁻²³ ग्रॅम, किंवा किलोग्रॅममध्ये २.९९ × १०⁻²⁶. इथे तीन अणू आहेत म्हणून आणखी तीनने भागण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण १८.०१५ हे पूर्ण रेणूचं वस्तुमान आहे.

एका विद्यार्थिनीने इथे भागण्याऐवजी गुणलं होतं. वहीत उत्तर होतं १.०८ × १०²⁵ ग्रॅम. तिला मी ते किलोग्रॅममध्ये करून चंद्राच्या वस्तुमानाशी ताडून पाहायला सांगितलं. चंद्र ७.३५ × १०²² किलोग्रॅमचा, म्हणजे तिचा पाण्याचा एक रेणू चंद्राच्या साधारण एक सप्तमांश झाला. तिने लगेच स्वतःच खोडलं. एका कणाचं वस्तुमान काढताना घातांक ऋण आला नाही, तर तिथेच थांबून मागे जायचं.

दुसरी चूक याहून फसवी असते, कारण उत्तर बेताल दिसत नाही. कॅल्क्युलेटरवर ६.०२२ नंतर "× १०" दाबून मग पुन्हा `EXP` आणि २३ दाबलं, की संख्या दहापट होते. `EXP` या कळीतच "गुणिले दहाचा घात" येऊन जातो. तुमचं उत्तर बरोबर दहाच्या पटीत चुकलं असेल तर आधी हेच तपासा. नाहीतर ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांत घोटाळा आहे का ते पाहा, तिथे चूक हजारपट असते.

शेवटी, किती आकडे लिहायचे याबद्दल. १८.०१५ ही सरासरी आहे. नेहमीच्या पाण्यातला सर्वांत जास्त आढळणारा रेणू १८.०१०६ डाल्टनचा, म्हणजे २.९९१ × १०⁻²³ ग्रॅमचा असतो. साधारण पाचशे रेणूंमागे एकात ऑक्सिजन-१८ असतो, आणि तो रेणू ३.३२ × १०⁻²³ ग्रॅम भरतो. बरोबर सरासरीइतका एकही रेणू प्रत्यक्षात सापडणार नाही. हिऱ्याचंही तसंच. त्याच्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ असतो, म्हणून भागताना १२ न घेता १२.०११ घ्यायचं. शिवाय नैसर्गिक हिऱ्यात बहुधा थोडा नायट्रोजनही असतो. त्यामुळे मी दोन्ही उत्तरं तीन-चार अर्थपूर्ण अंकांपर्यंतच लिहिते.